रात्री दहाची दूध-पोळी

आबांच्या दंडाभोवती टेप फिरवला तेव्हा तो साडेएकवीस सेंटिमीटर भरला. काट्यावर मात्र त्यांचं वजन 64 किलो होतं, आणि त्यांच्या पत्नीने, म्हणजे मावशींनी, मनात तोच आकडा धरून ठेवला होता. "ताई, वजन तर कमी झालेलं नाही यांचं. उलट दोन किलो वाढलंय." वाढलेलं ते पोटातलं पाणी होतं. सिरोसिसमध्ये असं नेहमी होतं. मांस झडत जातं, पाणी भरत जातं आणि काटा मध्येच स्थिर उभा राहतो. म्हणून मी अशा माणसाचं वजन नंतर बघते. आधी बघते त्याच्या कानशिलांवरचे खळगे, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस, आणि हातांचा आधार न घेता तो खुर्चीतून उठतो की नाही. आबा दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवून उठले.

आबांचं हे नाव मी बदलून घेतलंय, बाकी हकिगत आहे तशी आहे. वय 58, माळकरी, आयुष्यात दारूचा थेंब नाही. वीस वर्षांचा मधुमेह, त्यातून लिव्हरवर चरबी आणि त्या चरबीतून सिरोसिस. सिरोसिस म्हटलं की लोक दारू गृहीत धरतात. ते ऐकून घेण्याचा त्रास आबांना आजाराइतकाच झाला होता. आधीच्या वर्षी त्यांना एकदा भ्रम झाला, घरातली माणसं ओळखेनात. एका रुग्णालयात चार दिवस राहून ते बरे झाले आणि घरी जाताना तोंडी सांगणं मिळालं: डाळ, दूध, दही, पनीर बंद. प्रथिनं डोक्यात चढतात.

मावशींनी ते सांगणं अक्षरशः पाळलं. "डाळ शिजली की वरचं पाणी तेवढं यांना देते. खालची घट्ट डाळ आम्ही खातो." सकाळी सातला चहा आणि दोन मारी बिस्किटं. साडेदहाला मऊ भात. दुपारी दीडला पुन्हा भात, वरणाचं पाणी, दुधी. चारला चहा-बिस्किटं. संध्याकाळी सातला मऊ भात, कारण रात्री हलकं खावं आणि लवकर झोपावं. वहीत मांडून बेरीज केली तेव्हा दिवसाची प्रथिनं जेमतेम 25 ग्रॅम निघाली. पण वहीतली मला जास्त टोचलेली गोष्ट दुसरीच होती. संध्याकाळी सातच्या भातानंतर दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या भातापर्यंत एका चहावर साडेपंधरा तास जात होते. रोज.

निरोगी माणसाने असं केलं तर सकाळी भूक लागेल, एवढंच. कारण त्याच्या लिव्हरमध्ये कोठार असतं. दिवसभर जेवणातून आलेली साखर लिव्हर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं आणि रात्री आपण झोपलेलो असताना ती थोडी थोडी रक्तात सोडत राहतं. मेंदू झोपेतही साखर जाळतोच. साठा साधारण रात्रभर पुरतो, सकाळी नाश्ता होतो, कोठार पुन्हा भरतं.

सिरोसिसमध्ये लिव्हरचा मऊ भाग जाऊन तिथे जखमेच्या व्रणासारखे कडक तंतू आणि गाठी तयार होतात. अशा लिव्हरचं कोठार लहान असतं आणि ते मध्यरात्रीच्या आतच रिकामं होऊ लागतं. मेंदूची मागणी मात्र तेवढीच राहते. आता साखर आणायची कुठून? चरबी जाळून ऊर्जा मिळते, पण चरबीतून साखर जवळजवळ बनवता येत नाही. साखर बनवता येते ती प्रथिनांच्या घटकांपासून, आणि शरीरातली प्रथिनं असतात स्नायूंमध्ये. म्हणून शरीर मांडीचं, दंडाचं, कानशिलाचं मांस मोडायला घेतं. 1983 मध्ये अमेरिकेतल्या ओवेन आणि सहकाऱ्यांनी सिरोसिसच्या रुग्णांचं हे चयापचय मोजलं. नुसता रात्रभराचा उपास झालेल्या या रुग्णांच्या शरीरात जे चाललं होतं, ते निरोगी माणसाला दोन-तीन दिवस उपाशी ठेवल्यावर चालतं, तसं होतं. आबांची प्रत्येक रात्र म्हणजे दोन-तीन दिवसांचा कडकडीत उपास होता, आणि त्याचं पारणं होत होतं मऊ भाताने.

प्रथिनं बंद करण्याचा सल्ला कुठून आला, हे समजून घेण्यासारखं आहे. तो कुणाच्या मूर्खपणातून आलेला नाही. 1877 मध्ये निकोलाय एक या रशियन शल्यवैद्याने कुत्र्यांवर एक शस्त्रक्रिया केली. आतड्यांकडून लिव्हरकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी त्याने लिव्हरला वळसा घालून थेट पुढच्या शिरेला जोडली. 1893 मध्ये सेंट पीटर्सबर्गला पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच कुत्र्यांचा बारकाईने अभ्यास केला. घंटा आणि लाळेच्या प्रयोगांमुळे आपल्याला माहीत असलेले हेच ते पावलोव्ह. या कुत्र्यांना मांस खायला घातलं की ती झोकांड्या द्यायची, आंधळ्यासारखी धडपडायची, बेशुद्ध व्हायची. मांसातल्या नायट्रोजनचा अमोनिया होतो, तो लिव्हरने युरियात बदलायचा असतो, आणि इथे रक्त लिव्हरमध्ये जातच नव्हतं. पुढे 1950 च्या सुमारास अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये डॉक्टरांना दिसलं की सिरोसिसच्या काही रुग्णांनाही जास्त प्रथिनं किंवा अमोनियाचे क्षार दिल्यावर तसाच भ्रम होतो. तेव्हा पोट साफ ठेवणारं आजचं लॅक्टुलोज हे औषध हाताशी नव्हतं. भ्रमावर त्याचा वापर सुरू झाला तो 1966 मध्ये. डॉक्टरांच्या हातात जे थोडे उपाय होते, त्यात ताटातली प्रथिनं काढून घेणं हा एक होता. त्यांनी ती काढली आणि बरेच रुग्ण चार दिवसांत शुद्धीवर आले.

निरीक्षण खरं होतं. पण चार दिवसांसाठी केलेली गोष्ट पुढे जन्मभराचं पथ्य झाली. मला याचं वाईट वाटतं, कारण त्याच्याही आधी 1941 मध्ये न्यूयॉर्कच्या पॅटेक आणि पोस्ट यांनी सिरोसिसच्या रुग्णांना भरपूर पौष्टिक, प्रथिनांनी युक्त जेवण दिल्याने ते सुधारतात, असं लिहून ठेवलं होतं. ते मागे पडलं आणि कुत्र्यांचा प्रयोग पुढे राहिला.

त्या प्रयोगात न दिसलेली गोष्ट अशी की अमोनिया साफ करणारं एकटं लिव्हर नसतं. स्नायूही ते काम करतात. रक्तातून फिरणारा अमोनिया स्नायू उचलतात आणि ग्लुटामिन नावाच्या निरुपद्रवी रूपात बांधून टाकतात. लिव्हर धड असतं तेव्हा हे काम दुय्यम असतं. लिव्हर थकलं की त्याचं मोल एकदम वाढतं. आता आबांच्या घरात काय चाललं होतं ते जोडून पाहा. अमोनिया वाढू नये म्हणून डाळ बंद केली. डाळ बंद झाल्यामुळे आणि रात्रीच्या उपासामुळे शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागलं. मोडलेल्या स्नायूंच्या प्रथिनांतूनही नायट्रोजन सुटतो आणि त्याचाही अमोनियाच होतो. शिवाय अमोनिया उचलणारे स्नायू महिन्यागणिक कमी होत गेले. ताटात न वाढलेली डाळ शरीराने दंडातून काढून खाल्ली होती.

2004 मध्ये बार्सिलोनाच्या कॉर्डोबा आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न सरळच विचारला. भ्रम झाल्यामुळे दाखल केलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची प्रथिनं सुरुवातीचे काही दिवस पूर्ण बंद ठेवून मग हळूहळू वाढवली. दुसऱ्या गटाला पहिल्या दिवसापासून वजनाच्या दर किलोला 1.2 ग्रॅम दिली. भ्रम ओसरण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. फरक पडला तो एवढाच की प्रथिनं बंद केलेल्यांच्या शरीरात स्नायूंची मोडतोड जास्त झाली. अभ्यास छोटा होता, जेमतेम तीस रुग्णांचा, पण त्या दिशेने बोट दाखवणारा पुरावा नंतरही येत राहिला. दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात 120 रुग्णांवर झालेला, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला आपल्याकडच्या ताटासाठी जास्त जवळचा वाटतो. या रुग्णांचा भ्रम वरून दिसत नव्हता, चाचण्यांत सापडणारा होता. अर्ध्यांना सहा महिने भरपूर उष्मांक आणि मुख्यतः शाकाहारी प्रथिनं मोजून दिली, बाकीचे नेहमीचं खात राहिले. मोजून खाणाऱ्यांपैकी कितीतरी जास्त जणांचा तो छुपा भ्रम नाहीसा झाला. आज युरोपातल्या, अमेरिकेतल्या आणि भारतातल्या लिव्हरतज्ज्ञांचं सांगणं या बाबतीत एक आहे: दर किलोला साधारण 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं, आणि भ्रम झाला म्हणून ती कमी करायची नाहीत.

दर किलोला म्हणजे कोणत्या किलोला? आबांचे 64 किलो पाण्यासकट होते. पोटात मध्यम पाणी असलं तर वजनातून सुमारे 10 टक्के वजा करतात, पायांवर सूज असली तर आणखी 5 टक्के. आबांचे 55 किलो धरले. म्हणजे दिवसाला 66 ते 82 ग्रॅम प्रथिनं, आणि दर किलोला 35 उष्मांकांच्या हिशोबाने 1900 च्या वर उष्मांक. हा आकडा ऐकून मावशींच्या चेहऱ्यावर भीती उमटली. "पंचवीसवरून सत्तर? आणि परत ते तसंच झालं तर?"

ती भीती मी हसण्यावारी नेली नाही. आपला नवरा आपल्याला ओळखत नाही, हे जिने एकदा पाहिलंय, तिला डाळ वाढताना हात थरथरणारच. म्हणून एका दिवसात सगळं बदललं नाही. त्याला वैद्यकीय कारणही होतं. खूप दिवस कमी खाल्लेल्या माणसाला एकदम भरपेट घातलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम अचानक खाली जाऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. फारच खंगलेल्या माणसाचं खाणं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत वाढवावं लागतं. आबांसाठी आम्ही दहा दिवस घेतले, आणि सुरुवात डाळीने केली नाही. सुरुवात केली रात्री दहाच्या दूध-पोळीने.

याचं कारण आधी सांगितलेल्या रिकाम्या कोठारात आहे. दिवसभरात तेच अन्न दिलं, तरी ते कोणत्या वेळी दिलं यावर परिणाम बदलतो. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या प्लँक आणि सहकाऱ्यांनी सिरोसिसच्या 103 रुग्णांना वर्षभर रोज सुमारे 700 उष्मांकांचं जादा पोषक पेय दिलं. अर्ध्यांनी ते दिवसा घ्यायचं, अर्ध्यांनी रात्री नऊनंतर. 2008 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. रात्री घेणाऱ्यांच्या अंगावर वर्षात साधारण दोन किलो मांस चढलं. दिवसा तेच पेय घेणाऱ्यांच्या अंगावर तसं काही चढलं नाही. दिवसा आलेलं इंधन दिवसाच्या कामात गेलं. रात्रीचं इंधन स्नायूंच्या आणि उपासाच्या मध्ये उभं राहिलं.

झोपण्यापूर्वीच्या या खाण्यात निदान 50 ग्रॅम कर्बोदकं असावीत आणि ती सावकाश पचणारी असावीत. नुसतं दूध पुरत नाही, त्यात कर्बोदकं फार कमी असतात. केळं एकटं पुरत नाही. बिस्किटं लवकर पचून जातात. दोन मऊ पोळ्या कपभर दुधात कुस्करल्या की हिशोब बसतो: 50 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि 12 ग्रॅम प्रथिनं. मधुमेहामुळे साखर-गूळ नाही, वर चमचाभर तूप. मावशींना ही गोष्ट पटायला वेळ लागला नाही, कारण दूध-पोळीला त्यांच्या लेखी पथ्याचा वास होता. फक्त वेळ विचित्र वाटत होती. साडेनऊला झोपणाऱ्या माणसाला दहापर्यंत जागं ठेवायचं कसं? मग ठरलं की रात्रीचं जेवण साडेसातला, आणि झोप आली की झोपायचं, पण झोपण्याआधीची शेवटची गोष्ट दूध-पोळी. रात्री लघवीला उठतील तेव्हा उशाशी डब्यात ठेवलेले चार फुटाणे खाल्ले तरी चालतील. सकाळी उठल्याबरोबर चहाऐवजी दूध. आबांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना हे आधी कळवलं, कारण रात्रीचं खाणं वाढलं की गोळ्यांच्या किंवा इन्सुलिनच्या वेळा बदलाव्या लागू शकतात. साखर वाढेल या भीतीने रात्रीचं खाणं काढून टाकायचं नसतं. त्याभोवती औषध बसवायचं असतं.

चौथ्या दिवसापासून डाळ घट्ट झाली. दहाव्या दिवशी आबांचा दिवस असा होता. सकाळी साडेसहाला कपभर दूध. साडेआठला साठ ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी. एका धिरड्यात सात ग्रॅम प्रथिनं. दुपारी दोन पोळ्या, थोडा भात, वाटीभर घट्ट वरण, वाटीभर दही आणि भाजी. हे सगळं मिळून 22 ग्रॅमच्या आसपास. चारला चहाबरोबर मूठभर फुटाणे. रात्री एक ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, भाजी. आणि शेवटी दूध-पोळी. सगळं संपवलं तर 75 ग्रॅमच्या थोडं पुढे जातं. रोज सगळं संपत नसे. पोटात पाणी असलं की जठराला जागा कमी मिळते आणि चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. म्हणूनच दोन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान खाणी, आणि जागेपणी तीन-चार तासांच्या वर पोट रिकामं नाही.

डाळी, कडधान्यं आणि दूध-दही यांची प्रथिनं या रुग्णांना सहसा मांसापेक्षा सोसतात. डाळीबरोबर चोथा येतो, पोट साफ राहतं आणि आतड्यात अमोनिया कमी तयार होतो. पण याचा अर्थ कोकणातल्या, गोव्यातल्या घरांनी मासळी बंद करावी असा नाही. शंभर ग्रॅम मासळीत वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. ज्याला ती चालतात आणि आवडतात त्याच्याकडून ती काढून घेऊन ताट रिकामं करण्यात काही हित नाही. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली कालवं, तिसऱ्या मात्र नकोत. त्यांतल्या काही जंतूंचा संसर्ग सिरोसिसच्या माणसाला फार झपाट्याने पोखरतो. अगदी थोड्या रुग्णांना सगळे उपाय करूनही मांसाहाराने भ्रम होतो. त्यांची प्रथिनं डाळी-दुधाकडे वळवायची असतात, तोडायची नसतात.

काविळीच्या पथ्याचाही इथे संबंध येतो. आपल्याकडे लिव्हर म्हटलं की तेल-तूप बंद, हळद बंद, उसाचा रस, उकडलेलं आणि बेचव, असं ठरलेलं आहे. दोन-चार आठवड्यांत बऱ्या होणाऱ्या काविळीत त्याने फारसं बिघडत नाही. सिरोसिस वर्षानुवर्षांचा आहे, आणि बेचव ताट म्हणजे अर्धं टाकलेलं ताट. तेल-तुपाचे उष्मांक या माणसाला हवे असतात. पथ्य खरं आहे ते मिठाचं, आणि तेही पोटात किंवा पायात पाणी असलेल्यांसाठी. दिवसभरात सगळं मिळून सुमारे पाच ग्रॅम मीठ, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. पापड, लोणचं, फरसाण, खारे शेंगदाणे यांतच ते संपून जातं. मावशींनी स्वयंपाकातलं मीठ थोडं कमी केलं, वर लिंबू, जिरं, ओलं खोबरं घातलं आणि लोणच्याची बरणी माळ्यावर गेली.

तिसऱ्या आठवड्यात मावशींचा फोन आला. आवाज घाबरा होता. आबा दुपारभर झोपले आणि रात्री टक्क जागे होते. सही करायला सांगितली तर अक्षर वेडंवाकडं. "ती धिरडीच बाधली बघा, ताई." झोपेचं उलटं चक्र आणि बदललेलं अक्षर या भ्रमाच्या अगदी पहिल्या खुणा आहेत, आणि त्या इतक्या लवकर ओळखल्याबद्दल मला मावशींचं कौतुक वाटलं. मी विचारलं, पोट कधी साफ झालं? उत्तर यायला वेळ लागला. दोन दिवस झाले होते. लॅक्टुलोजची बाटली संपली होती, आणि पाहुणे आल्यामुळे आणायची राहिली होती. लॅक्टुलोज घेताना दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच व्हावं, हाच त्याचा मापदंड. तो चुकला की आतड्यात साचलेला अमोनिया वर जातो. धिरड्याचा काही दोष नव्हता.

म्हणून भ्रमाची चाहूल लागली की ताटाकडे न बघता आधी बाकीच्या गोष्टी बघायच्या. बद्धकोष्ठ आहे का. शौचाचा रंग डांबरासारखा काळा आहे का, म्हणजे आत रक्तस्राव होतोय का. ताप आहे का, पोट दुखतंय का. लघवीच्या गोळ्यांनी किंवा जुलाबांनी पाणी आणि पोटॅशियम उतरलंय का. कुणी झोपेची गोळी दिली आहे का. काळं शौच, रक्ताची उलटी, ताप किंवा न उठवता येणारी झोप असेल तर तडक रुग्णालय, घरी वाट बघणं नाही. आणि माणूस गुंगीत असताना त्याच्या तोंडात दूध ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. रुग्णालयात गरज पडली तर नाकातून नळी घालून खाणं सुरू ठेवता येतं. आबांना त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, औषध सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी सही नीट आली. डाळ एकही दिवस थांबली नाही.

एक उपास मात्र मावशींच्या हातात नव्हता, तो रुग्णालयातला. दर काही महिन्यांनी आबांची सोनोग्राफी आणि कधीमधी एंडोस्कोपी असते. "उद्या उपाशीपोटी या" असं सांगितलं जातं, माणूस रात्री आठला जेवतो, नऊला येतो आणि नंबर लागतो दुपारी एकला. म्हणजे सतरा तास. मी आता सगळ्यांना सांगते की तारीख घेतानाच सिरोसिस आहे असं सांगा आणि पहिला नंबर मागा. किती तास आधी खाणं थांबवायचं ते नेमकं विचारा. घन खाण्यासाठी सहसा सहा तास पुरतात, म्हणजे सकाळी आठच्या तपासणीसाठी रात्री दहाची दूध-पोळी चुकवायची गरज नसते. डबा बरोबर न्यायचा, आणि तपासणी होऊन डॉक्टरांनी हो म्हटलं की तिथेच बाकावर बसून खायचं. तपासणी पुढे ढकलली तर गप्प बसून राहायचं नाही.

सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन कुटुंबांत हा प्रश्न जास्त अवघड असतो. तिथे मी रात्रीचं खाणं लादत नाही. आजाऱ्याला सवलत असू शकते का, हे ते आपल्या गुरुमहाराजांना विचारतात, आणि बरेचदा वाट निघते. निघाली नाही तर सूर्यास्ताच्या तोंडावरचं जेवण भरपूर करायचं आणि सकाळचं पहिलं खाणं नियमात बसेल तितकं लवकर घ्यायचं. एवढ्याने रात्र पूर्ण भरून निघत नाही, पण थोडी आखूड होते.

आबांचा प्रश्न एकादशीचा होता. पथ्यपाण्याबद्दल त्यांनी एकदाही वाद घातला नाही, पण चाळीस वर्षांची एकादशी सोडा, असं सांगायची माझी छाती होईना. त्यांची रीत अशी की दशमीच्या संध्याकाळी जेवायचं, एकादशीला एक वेळ कपभर दूध आणि द्वादशीला सकाळी पारणं. छत्तीस तास, महिन्यातून दोनदा. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबणाऱ्या एका ताईंचीही माझ्याकडे अशीच वही आहे. मी आबांना त्यांच्या दंडाची मापं दाखवली आणि स्नायू कसे मोडतात ते सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "धान्य नको, एवढंच ना? उपाशी राहायला माउलींनी कुठं सांगितलंय?"

साबुदाण्याची खिचडी त्यांनी स्वतःच बाजूला सारली, कारण साबुदाण्यात जवळजवळ नुसता स्टार्च असतो, प्रथिनं नसल्यातच जमा. आता एकादशीला सकाळी राजगिऱ्याची भाकरी आणि दही, मग मूठभर बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे, दुपारी वरईचा भात आणि दाण्याची आमटी, चारला ताक आणि थोडं पनीर, संध्याकाळी पुन्हा राजगिरा. पुढच्या खेपेला टेपवर दंड साडेबावीस भरला आणि आबा खुर्चीतून हात न टेकता उठले. त्या दिवशी एकादशीच होती. मावशींच्या पिशवीत एक स्टीलचा डबा होता. घरी पोहोचायला रात्रीचे दहा वाजणार, म्हणून त्यांनी राजगिऱ्याच्या लाह्या बरोबर घेतल्या होत्या. दूध वाटेत स्टँडवर घेणार होत्या.